मुलाखतीनंतरची दोन ओळींची चिठ्ठी

पाळी गावातल्या मुलांना एकेकाळी मुलाखत ठाऊकच नव्हती. खाणी चालू होत्या तेव्हा काम ओळखीने मिळे. ट्रकमालक काकांचा मित्र असायचा, मशीनवरचा सुपरवायझर वाड्यावरचा असायचा. सप्टेंबर 2012 मध्ये गोव्यातल्या खाणी थांबल्या, पुढे थोड्या सुरू झाल्या आणि फेब्रुवारी 2018 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने 88 खाणपट्ट्यांचं काम मार्चमध्ये पुन्हा बंद पडलं. त्यानंतरची पिढी साखळीच्या कॉलेजात बीएस्सी करते आणि वेर्ण्याच्या, कुंडईच्या, तुयेच्या औषध कारखान्यांत मुलाखतीला जाते. समोर बसलेला माणूस बहुधा बाहेरगावचा, ओळख अर्ध्या तासाची. मग घरी येऊन मुलं त्याला लिंक्डइनवर शोधतात आणि बटण दाबतात. गाडी घसरते ती इथेच.

पहिली चूक बोटाची आहे. मोबाइलवर Connect दाबलं की पुष्कळदा निमंत्रण कोरंच निघून जातं, चिठ्ठी लिहायची संधीच मिळत नाही. त्या माणसाच्या पानावर More किंवा तीन टिंबांत जाऊन Personalize invite निवडावं लागतं. संगणकावर Connect दाबल्यावर Add a note विचारलं जातं, म्हणून हे काम संगणकावरच करा. काही जणांच्या पानावर Follow पुढे असतं आणि Connect त्याच More मध्ये दडलेलं असतं. एकदा गेलेली चिठ्ठी दुरुस्त करता येत नाही. निमंत्रण मागे घेतलंत तर त्याच माणसाला पुन्हा पाठवायला तीन आठवड्यांपर्यंत थांबावं लागतं. घाईने ओळी खरडणाऱ्यांनी हे आधी लक्षात घ्यावं. फुकट खात्यावर चिठ्ठीला जागाही तोकडी, साधारण 200 अक्षरांची, आणि महिन्यात मोजक्याच चिठ्ठ्या पाठवता येतात. मराठीत लिहिलंत तर काना, मात्रा, अनुस्वार हेही वेगवेगळे मोजले जातात, म्हणून मजकूर दिसतो त्याहून लांब भरतो.

एवढ्याशा जागेत काय लिहायचं? बहुतेक जण लिहितात की आपल्याला भेटून आनंद झाला, आपल्या व्यावसायिक वर्तुळात सामील व्हायला आवडेल. हे वाक्य कुणालाही पाठवता येतं, म्हणून ते कुणालाच लागू पडत नाही. एका दिवसात आठ उमेदवार बघितलेल्या माणसाला त्यावरून तुमचा चेहरा आठवणार नाही. त्याला आठवतो तो त्या टेबलावर झालेला एखादा नेमका प्रश्न.

समजा, पाळीची एक मुलगी गुणवत्ता नियंत्रण प्रयोगशाळेच्या, म्हणजे कारखान्यातल्या क्यूसीच्या, मुलाखतीला गेली. मॅडमनी विचारलं, ‘नमुन्याचा निकाल मर्यादेबाहेर आला तर पहिलं काय करशील?’ ती म्हणाली, ‘चाचणी पुन्हा करीन.’ मॅडमनी थांबवलं. तयार केलेलं द्रावण आधी जपून ठेवायचं, वरिष्ठांना कळवायचं, आकडेमोड आणि उपकरण तपासायचं. चूक नेमकी कुठे झाली हे शोधायला तेच द्रावण हाताशी लागतं. ते ओतून दिलं की पुरावा गेला. कारखान्यात या प्रसंगाला ओओएस म्हणतात. या मुलीने लिहायची चिठ्ठी अशी:

‘नमस्कार मॅडम. मंगळवारच्या क्यूसी मुलाखतीत, निकाल मर्यादेबाहेर गेला तर द्रावण आधी का टाकू नये, हे आपण समजावलंत. ते कायम लक्षात राहील. वेळ दिल्याबद्दल आभार.’

काना-मात्रांसकट मोजलं तरी ही चिठ्ठी दीडशेच्या आसपास भरते. वार आहे, पद आहे, त्या मॅडमच ओळखतील अशी एक गोष्ट आहे, आणि मागणं काहीच नाही. मुलाखत इंग्रजीतून झाली असेल तर हेच इंग्रजीत लिहावं. ज्या भाषेत बोलणं झालं तीच भाषा चिठ्ठीची. आपलं उत्तर चुकलं होतं, याची आठवण कशाला करून द्यायची, असं कुणी विचारेल. मॅडमना ते आठवतंच. चिठ्ठीतून त्यांना कळतं की सांगितलेलं या मुलीच्या डोक्यात उतरलं, आणि प्रयोगशाळेत नव्या माणसाकडून तेवढंच हवं असतं.

यात काय येऊ नये, हे गोव्यात जरा जोर देऊन सांगायला हवं. ‘निकाल कधी लागेल?’ हे नको. तो प्रश्न एचआरला ईमेलने विचारायचा. मुलाखतीचे रीतसर आभारही त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी ईमेलनेच जाऊ द्या, लिंक्डइनची चिठ्ठी त्यानंतर. आणि ‘आपण माझ्या मामांच्या शेजारचे’ हे तर मुळीच नको. आपल्याकडे चार माणसांत एक ओळख निघतेच, आणि ती सांगितली की काम होतं असं खाणींच्या दिवसांपासून मनात बसलेलं आहे. पण कारखान्यातल्या मुलाखतकाराला निवड गुणांवर केली हे वरच्यांना दाखवावं लागतं. तुम्ही नातं लेखी आणून ठेवलंत की त्याला एक तर ते वर कळवावं लागतं किंवा तुमच्यापासून अंतर राखावं लागतं. दोन्हींत नुकसान तुमचंच. सरकारी भरती असेल तर मुलाखत मंडळातल्या कुणालाही निमंत्रण पाठवूच नका, आभाराचंही नाही. कोणत्याही मार्गाने दबाव वा शिफारस आणणारा उमेदवार अपात्र ठरेल, अशी अट तिथल्या जाहिरातींत असते. तिच्याशी खेळू नये.

तिघे मुलाखत घ्यायला बसले असतील तर तिघांना एकच मजकूर पाठवू नका. ते एकाच टेबलावर जेवतात. ज्याच्याशी खरंच बोलणं झालं त्याला पाठवा, बाकीच्यांना ईमेलमधले आभार पुरेत. आणि माणूस तोच आहे ना, हे बघा. गावस, नाईक, सावंत या आडनावांची, त्याच पहिल्या नावाची माणसं लिंक्डइनवर ढिगाने सापडतात. कंपनी आणि हुद्दा जुळल्याशिवाय बटण दाबू नका.

निमंत्रण गेलं की त्या मॅडम आधी तुमचं पान उघडणार, चिठ्ठीपेक्षाही बारकाईने बघणार. अर्जात प्रशिक्षण चार महिन्यांचं आणि पानावर सहा महिन्यांचं असेल, तर सुंदर चिठ्ठीने तुम्हीच त्यांना ती तफावत दाखवलीत. म्हणून पान आधी दुरुस्त करा, निमंत्रण मागाहून.

निमंत्रण स्वीकारलं गेलं नाही तर गप्प राहा. निवड जाहीर होईपर्यंत उमेदवाराला जोडून न घेणारे मुलाखतकार पुष्कळ असतात, त्यात तुमचा अपमान नाही. स्वीकारलं तर लगेच दुसरा निरोप टाकू नका. आणि नकार आला तरी जोडणी तोडू नका. प्रयोगशाळांत माणसं सोडून जातात, जागा पुन्हा निघते, आणि तेव्हा द्रावण न ओतणारी मुलगी मॅडमच्या यादीत असलेली बरी.