अण्णा होते, अण्णा आहेत

निरोपाचा मसुदा तपासायला माझ्याकडेच येणार, हे मी धरूनच चाललो होतो. कतारच्या हमद पोर्टवर मराठी लिहिता येणारी माणसं बरीच आहेत, पण ऱ्हस्व-दीर्घावरून जेवणाचं ताट सरकवणारा मी एकटाच. गणेशोत्सवाच्या स्मरणिकेचं संपादन माझ्याकडे असतं. तिच्यातला सर्वांत लांब लेखही माझाच असतो, पण तो संपादकाचा निर्णय असल्यामुळे मी त्यात ढवळाढवळ करत नाही.

अण्णा रॉटरडॅमला चाललेत. आधीच परदेशात असलेला माणूस नोकरीसाठी परदेशी जातोय म्हटल्यावर ‘परदेशगमनाबद्दल अभिनंदन’ कुठल्या तोंडाने लिहायचं, हा पहिला पेच. तो आमच्या अकोल्याच्या पोराला पडलाच नव्हता. त्याने लिहिलं होतं:

‘आपले लाडके अण्णा हे एक मनमिळाऊ व्यक्तिमत्त्व होते. ते सर्वांना मदत करत असत. कामावर त्यांची निष्ठा होती. त्यांच्या जाण्याने निर्माण झालेली पोकळी कधीही भरून निघणार नाही.’

मी हे मोबाइलवर वाचत असताना बायको मागून डोकावली आणि खुर्चीत बसलीच. ‘अगं बाई! कधी?’

‘पुढच्या गुरुवारी. रात्रीचं विमान आहे.’

पोराचा दोष नाही. आपण मराठी माणसं जाहीरपणे चांगलं बोलायला शिकतो ती शोकसभेत. जिवंत माणसाचं कौतुक करायची सवय नसल्यामुळे त्यासाठीची वाक्यंही आपल्याकडे तयार नसतात. मग हाताशी असलेली वापरली जातात. मी तांबडं पेन काढलं (मोबाइलवर तांबडं पेन नसतं, पण माझ्या मनात ते कायम उघडं असतं) आणि पोराला समोर बसवलं.

म्हटलं, हुद्दा भूतकाळात गेला तर चालतो, स्वभाव नाही. ‘अण्णा आमचे रीफर सुपरवायझर होते’ असं शुक्रवारपासून खुशाल म्हण. पण ‘मनमिळाऊ होते’ म्हटलंस की एकतर अण्णा गेले किंवा त्यांचा स्वभाव बिघडला. ‘मदत करत असत’ तर त्याहून वाईट. हा रीतिभूतकाळ. माणूस जे नेहमी करायचा आणि आता करत नाही, त्याच्यासाठी तो राखलेला आहे. या ‘असत’मागे उदबत्तीचा वास येतो. ‘शिकवलं’ चालेल, ती घडून गेलेली गोष्ट आहे. पण ‘शिकवलं आहे’ म्हटलंस तर शिकवणारा निघाला तरी शिकलेलं तुझ्यापाशी राहतं. आणि मुख्य म्हणजे ‘ते, त्यांना, त्यांच्या’ काढ. गेलेल्या माणसाविषयी बोलतात, असलेल्या माणसाशी बोलतात. सरळ ‘अण्णा, तुम्ही’ कर. ‘आपण’ नको, ‘आपण’ म्हणजे बँकेचं पत्र.

पोरगं भारावलं. निदान मला तसं वाटलं. मग ते म्हणालं, ‘काळ झाला सर, पण जरा ऊब कमी वाटते ना?’

आता उबेबद्दल अण्णांच्या माणसाने बोलावं! अण्णांचं आयुष्य थंड डब्यांत गेलंय. रीफर कंटेनर म्हणजे चाकं नसलेला मोठा फ्रीज अशी बाहेरच्यांची समजूत असते, आणि अण्णांना ती ऐकवली की ते अर्धा तास सोडत नाहीत. रीफर माल थंड करत नाही, थंड माल थंड ठेवतो. वजा अठराला लावलेल्या डब्यात कोमट कोळंबी भरून पाठवली, तर यंत्र बिचारं दिवसच्या दिवस धापा टाकतं आणि कोळंबी आपल्या मर्जीने, सावकाश गोठते. तोवर तिची रयाही जाते. पडद्यावर सेट केलेला आकडा दिसतो. तो कोणीही वाचतो. अण्णा म्हणतात, तो फक्त इच्छा आहे. खरे आकडे दोन: आत सोडलेल्या हवेचा आणि मालातून फिरून परत आलेल्या हवेचा. थंड हवा तळाच्या पन्हळींतून आत जाते, मालातून वर चढते आणि छताखालून परतते. कोणी हावरेपणाने तांबड्या रेषेच्या वरपर्यंत खोकी रचली, की तिची वाट बुजते. मग जाणारी हवा थंडगार आणि येणारी कोमट. अशा वेळी यंत्राला शिव्या देऊन उपयोग नसतो, दोष रचणाऱ्याचा असतो. उलट डीफ्रॉस्ट चालू असताना आकडा थोडा वेळ चढतो तेव्हा नवखे धावत सुटतात, आणि अण्णा ऑगस्टच्या त्या भाजून काढणाऱ्या यार्डात घड्याळाकडे बघत शांत उभे. ‘थांब जरा. उतरेल.’

निरोपाच्या संदेशातली ऊबही तशीच मोजावी लागते, असं मला वाटतं. ‘लाडके’, ‘मनमिळाऊ’ हे सेट केलेले आकडे. ऐकणाऱ्यातून फिरून काय परत येतं ते बघायचं.

हे मी इतकं छान बोललो की लगेच स्वतःच मसुदा लिहायला घेतला. लिहून झाल्यावर मोठ्याने वाचला. ‘मला आठवतं… मी नवीन असताना… माझ्या एका लेखाबद्दल अण्णा म्हणाले होते…’ पोरगं अदबीने म्हणालं, ‘सर, निरोप कुणाचा आहे?’ विदर्भात मोठ्यांशी असं बोलतात का, ते मी चौकशी करून सांगेन.

राहिली ती पोकळी. बंदरात पोकळी राहत नाही. यार्डातली रिकामी जागा कामाला लागते, तसे अण्णांच्या जागी कोचीचे एक गृहस्थ आलेसुद्धा. माणूस भला आहे. मला राग त्याचा नाही. इथे राहण्याचा परवानाच नोकरीला बांधलेला. नोकरी सुटली की कार्ड रद्द, बँकेचं खातं बंद, कहरामाचं शेवटचं वीजबिल भरून अनामत परत. वर्षानुवर्षं राहिलेला माणूस काही दिवसांत असा पुसला जातो की तो इथे होता हे सांगायला आपल्यासारखी चार तोंडं उरतात, आणि तीही कंत्राटावर. तेव्हा चुकीच्या काळातलं का असेना, त्या पोराने लिहिलं तरी. बाकीच्यांनी केक कुठून आणायचा एवढंच विचारलं होतं.

शेवटी दोघांनी मिळून लिहिलं:

‘अण्णा, आकडे आम्हालाही वाचता येतात. परत येणाऱ्या हवेचा आकडा आधी वाचायचा, हे तुम्ही शिकवलं आहे. ५ जून २०१७ ला सौदीची सीमा बंद झाली, जेबेल अलीहून येणारा माल अडला, आणि मग न्हावा शेवा आणि मुंद्र्याहून थेट जहाजं इथे येऊ लागली. त्या धांदलीत तुम्ही यार्डात होतात, आणि त्याबद्दल तुम्ही फुशारकी मारत नाही, म्हणून आम्ही मारतो. तुम्ही चटकन चिडता. तिथे थोडं कमी चिडा, त्यांना सवय नाही. थंडीत कान बांधा. आम्ही अडलो की फोन करू, आणि आम्ही अडतोच.’

‘होते’ एकदाही नाही. मी सगळी क्रियापदं पुन्हा तपासली, एक अनुस्वार दिला आणि पाठवून दिलं. मग उत्तराची वाट पाहत फोन उलटा ठेवला, म्हणजे आपण वाट पाहतोय असं दिसत नाही.

बऱ्याच वेळाने अण्णांचं उत्तर आलं.

‘वाचलं. छान. माझ्या घरातल्या फ्रीजचं काय ठरलं? गुरुवारच्या आत न्यायला हवा.’

मी लिहिलं, ‘घेतो.’ हा वर्तमानकाळ दिसत असला तरी मराठीत भविष्यकाळ असतो, आणि किमतीवर घासाघीस करायला तेवढी सवड पुरते.