दाजींचा जर्मन कुकर

शिरूर-दौंड पट्ट्यात परदेशी वस्तू दोन वाटांनी येते: अमेरिकेतल्या मुलाच्या बॅगेतून, नाहीतर रांजणगाव एमआयडीसीतून मायदेशी परतणाऱ्या साहेबाच्या घरमालकाकडून. दौंडचे आमचे दाजी असाच एक भाताचा विजेवरचा कुकर पिशवीत घालून आले. लेबल घासून घासून गेलेलं, उरले होते फक्त आकडे. पण दाजींचा निकाल तयार होता.

"जर्मन आहे. वजनच सांगतंय."

पिनटॉप गोल, त्यात दोन जाड गोल पिना, आणि अंगाला दोन बाजूंनी धातूच्या पट्ट्या, त्या अर्थिंगच्या. दाजी निम्मे बरोबर होते. हा नमुना मूळचा जर्मनीचाच. पण आज निम्मा युरोप तो वापरतो आणि कोरियाही. मग मी आकडे वाचले: २२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. जर्मनीत वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. साठ हर्ट्झ म्हटलं की अमेरिका आठवते, पण तिथे १२० व्होल्ट आणि चपट्या पिना. सौदीतही साठच, पण पिना ब्रिटिश पद्धतीच्या, चौकोनी. राहिला कोरिया. एलजीचा कारखाना रांजणगावातच असताना वेगळा पुरावा कशाला?

"कोरियन तर कोरियन," दाजी जरा उतरले. "आपल्याकडं चालंल ना?"

चालेल. तापणाऱ्या कॉईलला हर्ट्झचं सोयरसुतक नसतं, आणि दहा व्होल्ट जादा मिळाले तर ती नऊ टक्के जास्त तापेल एवढंच. गोम वेगळीच आहे. त्या दोन पिना आपल्या पाच अँपिअरच्या भोकांत बसतात, कुकर सुरू होतो आणि माणूस खूश होतो. पण बाजूच्या अर्थिंगच्या पट्ट्या हवेत लटकतात. आपली अर्थ वरच्या जाड भोकात, तिला त्या शिवतसुद्धा नाहीत. आतली तार सुटून पत्र्याला लागली, तर भाताआधी दाजी शिजायचे. म्हणून पिनटॉप कापला, आपला तीन पिनांचा लावला आणि हिरवी-पिवळी तार वरच्या जाड पिनेला कसली.

"मग अ‍ॅडॅप्टर लावायचा की!"

अ‍ॅडॅप्टर फक्त आकार बदलतो, व्होल्ट नाही. १२० व्होल्टचा अमेरिकन मिक्सर अ‍ॅडॅप्टरवर लावला की चटणीआधी धूर निघतो. पण अ‍ॅडॅप्टर मालकाची चहाडी मात्र करतो: पिना सांगतात तो कुठे निघालाय, भोकं सांगतात कुठून आलाय. तेवढ्यात दाजींनी खिशातून एक काढला. दौंड जंक्शनच्या बाकावर कुणी तरी विसरलेला. पिना आपल्या, भोकं तीन, गोल, सरळ एका रांगेत.

"इटली," मी म्हणालो.

"फियाटवाला!" दाजी ओरडले. रांजणगावात फियाटही आहेच. तशी भोकं चिलीतही असतात, पण चिलीचा माणूस दौंडला उतरल्याचं ऐकिवात नाही.