बेरीज पुन्हा करा

निकालपत्रात एक यादी असते आणि तिच्याखाली एक बेरीज. यादी लिहितो एक हात, बेरीज वाचतात हजार डोळे. गंमत नव्हे, धोका हा की त्या हजारांपैकी यादी पुन्हा मोजायला फारसे कोणी बसत नाही. सगळे बेरजेवर विश्वास ठेवतात आणि तिथून पुढे जातात. आपल्या देशातल्या एका गाजलेल्या खटल्यात हे घडले, आणि ते नीट उलगडून पाहण्यासारखे आहे.

जयललिता यांच्यावरचा ज्ञात उत्पन्नाशी विसंगत मालमत्तेचा खटला. बेंगळुरूच्या विशेष न्यायालयाने २७ सप्टेंबर २०१४ रोजी त्यांना आणि इतर तिघांना दोषी ठरवले. कर्नाटक उच्च न्यायालयाने ११ मे २०१५ रोजी सर्वांना निर्दोष सोडले. उच्च न्यायालयाचा हिशेब असा होता: मालमत्ता ३७,५९,०२,४६६ रुपये, उत्पन्न ३४,७६,६५,६५४ रुपये, फरक २,८२,३६,८१२ रुपये. हा फरक उत्पन्नाच्या ८.१२ टक्के. दहा टक्क्यांपर्यंतची तफावत सोडून देता येते, असा आधार सर्वोच्च न्यायालयाच्या कृष्णानंद अग्निहोत्री खटल्यातून घेतला गेला. ८.१२ हा आकडा दहाच्या आत होता. आरोपी सुटले.

उत्पन्नाच्या बाजूला एक मोठी रक्कम बँकेच्या कर्जांची होती. निकालात या कर्जांचा तक्ता आहे, एकेका कर्जाची रक्कम वेगळी दिलेली, आणि खाली बेरीज: २४,१७,३१,२७४ रुपये. यातले ५,९९,८५,२७४ रुपये आधीच हिशेबात धरलेले होते, म्हणून ते वजा करून १८,१७,४६,००० रुपये उत्पन्नात मिळवले गेले. आता तक्त्यातल्या रकमा एकाखाली एक मांडून मोजा. बेरीज येते १०,६७,३१,२७४ रुपये. फरक साडेतेरा कोटींचा. विशेष सरकारी वकील बी. व्ही. आचार्य यांनी निकालानंतर लगेच हे दाखवून दिले.

आता पुढचा हिशेब पुन्हा करू. आधी धरलेले कर्ज वजा केल्यावर मिळवायची रक्कम १८,१७,४६,००० नाही, ४,६७,४६,००० रुपये. एकूण उत्पन्न साडेतेरा कोटींनी खाली येते: २१,२६,६५,६५४ रुपये. मालमत्ता तीच, म्हणून फरक होतो १६,३२,३६,८१२ रुपये. तो उत्पन्नाच्या सुमारे ७६.८ टक्के. ८.१२ आणि ७६.८. एक आकडा दहाच्या आत, दुसरा सातपटीहून जास्त बाहेर, आणि मधे आहे फक्त एका तक्त्याची बेरीज.

इथे थांबून पाहण्यासारखी गोष्ट आहे. टक्केवारी काढताना उत्पन्न दोनदा येते: एकदा वजाबाकीत आणि एकदा भाजकात. उत्पन्न फुगले की वर फरक आटतो आणि खाली छेद वाढतो, म्हणजे एकच चूक दोन्ही बाजूंनी टक्केवारी खाली ओढते. साडेतेरा कोटी ही उच्च न्यायालयाच्या हिशेबातल्या उत्पन्नाच्या दोन पंचमांशाहून कमी रक्कम, पण टक्केवारी मात्र नऊपटीने बदलते. म्हणून ज्या बेरजेवर पुढे टक्केवारी, मर्यादा किंवा दोषी-निर्दोष असा निर्णय उभा राहणार आहे, तिला इतर बेरजांसारखे सोडून चालत नाही.

आणि तपासणीच चुकीच्या ठिकाणी होते, हे मला सर्वांत जास्त खटकते. निकालाच्या शेवटच्या भागात २४ कोटींच्या पुढचे सगळे गणित बरोबर आहे. २४,१७,३१,२७४ मधून ५,९९,८५,२७४ वजा करा, १८,१७,४६,००० बरोबर येतात. मालमत्तेतून उत्पन्न वजा करा, फरक बरोबर. भागाकार करा, ८.१२ बरोबर. जो तपासणारा शेवटची पाने घेऊन बसेल, तो समाधानाने उठेल. चूक त्या सर्व आकड्यांच्या वरच्या पायरीवर आहे, आणि खालची प्रत्येक पायरी ती निष्ठेने पुढे नेते. म्हणून गोषवाऱ्यातले आकडे एकमेकांशी ताडून उपयोग नाही. बेरीज तिच्या यादीशीच ताडायला हवी.

ताडताना एक खूण कामी येते. चुकीची बेरीज आणि खरी बेरीज, दोन्ही ३१,२७४ ने संपतात. फरक अगदी पूर्ण १३,५०,००,००० आहे. शेवटचे आकडे जुळतात याचा अर्थ रुपये आणि शेकडे नीट मोजले गेलेत, घोळ लाखांच्या किंवा कोटींच्या घरात आहे. तिथे आधी काय शोधायचे? एखादी ओळ दोनदा धरली गेली का, एखादी रक्कम यादीतून काढली पण खालचा आकडा जुनाच राहिला का, की हातचा चुकला. या तक्त्यात नेमके काय झाले ते मी सांगू शकत नाही, आणि तसे सांगायची गरजही नाही. पण असा गोल फरक दिसला की वाचणाऱ्याने ओळी मोजायच्या आणि प्रत्येक मोठी रक्कम बोट ठेवून पाहायची.

‘बेरजेतली चूक, ती दुरुस्त करता येते,’ असे कोणी म्हणेल. कायद्यात तशी सोय आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४०३ प्रमाणे सही झालेला निकाल न्यायालयाला बदलता येत नाही, फक्त लेखनातली किंवा आकडेमोडीतली चूक सुधारता येते. जुन्या संहितेत हेच कलम ३६२ होते. पण इथे आकडा सुधारला की निकालच उलटतो, आणि निर्दोष सोडलेल्याला दुरुस्तीच्या नावाखाली दोषी ठरवायला ती सोय पुरत नाही, असे माझे मत आहे. मग अपील. कर्नाटक सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. न्या. पिनाकी चंद्र घोष आणि न्या. अमिताव रॉय यांनी १४ फेब्रुवारी २०१७ रोजी उच्च न्यायालयाचा निकाल रद्द केला. त्यांनी बेरजेची ही चूक नोंदवली, शिवाय उच्च न्यायालयाची इतर अनेक अनुमानेही नाकारली, त्यामुळे सारा प्रश्न बेरजेचाच होता असे मानू नये. जयललिता ५ डिसेंबर २०१६ रोजी वारल्या होत्या, म्हणून त्यांच्यापुरते अपील संपुष्टात आले. इतर तिघांची शिक्षा कायम झाली. साडेतेरा कोटींच्या चुकीपासून या दुरुस्तीपर्यंत एकवीस महिने गेले.

माझी मागणी साधी आहे आणि ती लघुलेखकाच्या टेबलापासून सुरू होते. तक्त्याखालची बेरीज कोणी हाताने टाइप करूच नये. ती तक्त्यातल्या रकमांतून सूत्राने यावी, म्हणजे ओळ बदलली की बेरीजही बदलेल. निकालाच्या शेवटी तोच आकडा लागतो तेव्हा तो पुन्हा लिहू नये, तक्त्यातून उचलावा. एका आकड्याचे जन्मस्थान एकच असावे. आणि सहीपूर्वी, म्हणजे शेवटची दुरुस्ती झाल्यानंतर, दुसऱ्या माणसाने प्रत्येक तक्ता फक्त रकमा पाहून मोजावा, खालची बेरीज झाकून. तिच्याकडे आधी पाहिले की डोळा तोच आकडा शोधत राहतो. झाकलेली बेरीज आणि मोजलेली बेरीज यांत एका रुपयाचा फरक निघाला, तरी ते पान सहीसाठी पुढे जाऊ नये.