रेपो दराची बातमी कशी वाचावी : कर्जदार भाऊजींसाठी नियमावली

नियम पहिला. बातमी मोठ्याने वाचू नये. आमचे भाऊजी वाचतात. ७ फेब्रुवारी २०२५ला रिझर्व्ह बँकेने रेपो दर ६.५० टक्क्यांवरून ६.२५ वर आणला. जवळजवळ पाच वर्षांनी झालेली ती पहिली कपात. भाऊजींनी चष्मा सावरून जाहीर केलं, "गृहकर्ज सव्वासहा टक्के झालं!" आणि बहिणीने पडदे बदलायचा विषय काढला.

नियम दुसरा. ६.२५ हा आपला दर नव्हे, बँकेचा. बँकेला चार दिवसांची चणचण भासली की ती सरकारी रोखे रिझर्व्ह बँकेकडे ठेवून पैसे उचलते आणि ठरल्या दिवशी ते रोखे परत विकत घेते. सोनं गहाण टाकून पैसे आणावेत तसंच. त्या उसनवारीचा दर म्हणजे रेपो. तो दर दोनेक महिन्यांनी सहा जणांची पतधोरण समिती ठरवते आणि ठरवताना तिच्यासमोर महागाई असते, भाऊजींचा हप्ता नसतो.

नियम तिसरा. कपाटातलं कर्जमंजुरीचं पत्र शोधावं. ते लग्नाच्या अल्बमखाली असतं. त्यात आपला दर कशाला बांधलाय ते लिहिलेलं असतं आणि अख्ख्या बातमीचा अर्थ त्या एका ओळीवर ठरतो. १ ऑक्टोबर २०१९ नंतर बँकेकडून तरत्या दराने घेतलेलं गृहकर्ज बाहेरच्या मापदंडाला बांधलेलं असतं, बहुतेक वेळा रेपोलाच. रेपो अधिक बँकेचा वाढावा, असा तो हिशेब. रेपो ६.२५ आणि वाढावा २.२५ असेल, तर तुमचा दर साडेआठ. हा नवा दर निदान तीन महिन्यांतून एकदा लागू करावाच लागतो. म्हणजे बातमी शुक्रवारी आली तरी तुमची तारीख एप्रिलअखेरची असू शकते. तोवर शाखेत जाऊन कोणाशी भांडू नये.

ऑक्टोबर २०१९च्या आधीची कर्जं मात्र बँकेच्या स्वतःच्या निधीखर्चाला बांधलेली असतात. बँकेचा बहुतेक पैसा रेपोतून येतच नाही, तुमच्या-आमच्या मुदत ठेवींतून येतो. जुन्या चढ्या दराच्या ठेवी संपेपर्यंत तिचा खर्च फारसा उतरत नाही, म्हणून या कर्जदारांपर्यंत कपात उशिरा आणि अर्धीमुर्धी पोचते. गृहवित्त कंपनीचं कर्ज असेल तर तिच्यावर रेपोला बांधून घेण्याची सक्तीच नाही.

नियम चौथा. दर उतरला तरी हप्ता उतरेलच असं नाही. पडदे इथेच अडकतात. ५० लाख, २० वर्षं, साडेआठ टक्के : हप्ता साधारण ४३,३९१ रुपये. दर सव्वाआठ झाला की हप्ता ४२,६०३ होऊ शकतो, महिन्याला ७८८ रुपये सुटतात. पण बँका सहसा हप्ता तोच ठेवून मुदत घटवतात. खात्यातून तेवढीच रक्कम गेली की भाऊजी म्हणतात, "लुटलं!" प्रत्यक्षात त्यांचे २४० हप्ते २३० वर आलेले असतात. पुढे दर तसाच राहिला, तर हप्ता कमी केल्याने वीस वर्षांत एक लाख नव्वद हजारांच्या आसपास वाचतात आणि मुदत घटवल्याने साडेचार लाखांहून अधिक. बँकेने न विचारता केलेल्या गोष्टींपैकी ही एक चक्क आपल्या फायद्याची आहे, हे लिहिताना मलाही जड जातंय.

नियम पाचवा. ही गंमत उलटीही चालते. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो ४ टक्क्यांवरून साडेसहावर गेला, तेव्हा पुष्कळांचा हप्ता हललाच नाही आणि लोक निश्चिंत राहिले. मुदत मात्र निवृत्तीच्या पुढे सरकली होती. म्हणून बातमी वाचून झाली की बँकेच्या ॲपमध्ये हप्त्याची रक्कम पाहू नये, शेवटच्या हप्त्याची तारीख पाहावी.

नियम सहावा. शेजारच्या नव्या कर्जदाराचा दर विचारावा. त्याला कमी वाढावा मिळाला असेल, तर अर्ज करून आपलाही कमी करून मागावा. बँक अनेकदा शुल्क लावून देते. स्वतःहून फोन करत नाही.

आता खरी गोष्ट. भाऊजींचं कर्ज २०१४चं, जुन्या आधार दराचं. रेपोच्या बातमीशी त्याचा संबंध दूरच्या नातेवाइकाइतका. अर्ज दिला तर ते रेपोला जोडून मिळतं, किरकोळ कागदपत्रांचा खर्च सोडला तर फुकटात. मी अर्ज भरून, खुणा करून त्यांच्या हातात दिलाय. ते म्हणतात, "थांब रे, दर अजून उतरणार आहेत. उतरले की एकदमच जाऊ."