ज्याचा भाव हलत नाही

एक शेअर घ्या. दर महिन्याला न चुकता ५ टक्के पडणारा. कमी नाही, जास्त नाही. दोन वर्षांनी तुमच्या १ लाखाचे २९,२०० रुपये उरतात. आता या शेअरची व्होलॅटिलिटी काढा. शून्य. बीटा काढा. तोही शून्य. फंडाच्या माहितीपत्रकात जोखमीचा जो रकाना असतो, त्यात हा शेअर सरकारी रोख्याच्या मांडीला मांडी लावून बसेल.

हिशोबात काही चुकलेलं नाही. व्होलॅटिलिटी पाहते ती एकच गोष्ट: दर महिन्याचा परतावा स्वतःच्या सरासरीपासून किती भरकटला. इथे सरासरीच उणे ५ आहे आणि एकही महिना तिच्यापासून ढळत नाही, मग भरकटणं आणायचं कुठून? बीटा विचारतो, निफ्टी हलला की हा किती हलतो. हा निफ्टीकडे ढुंकूनही पाहत नाही, तो स्वतःच्या गतीने बुडतोय. दोन्ही आकडे अचूक आहेत. फक्त पैसे गेलेत.

असा आखीव शेअर कुठे नसतो, मान्य. पण त्याचा सख्खा चुलतभाऊ आपल्या मुंबईत, बँकेच्या काउंटरवर विकला गेला. नाव एटी-१ बाँड, बँक येस बँक. २०१६ मध्ये ३,००० कोटींचे साडेनऊ टक्क्यांचे आणि २०१७ मध्ये ५,४१५ कोटींचे ९ टक्क्यांचे. घेणारे बहुतेक फंड आणि संस्था होत्या, पण नंतर तेराशेहून अधिक व्यक्तींच्या गळ्यातही ते पडले, आणि त्यांतले जवळपास सगळे बँकेचेच ग्राहक. काहींनी मुदतठेव मोडून घेतले. सेबीच्या आदेशात या विक्रीच्या संदर्भात 'सुपर एफडी' हा शब्द आहे. एफडीच, फक्त सुपर!

घरच्या गुंतवणूकदाराला यात दिसायचं काय? ठरल्या तारखेला जमा होणारं व्याज. अशा कागदाचे सौदे तुरळक, त्यामुळे रोज भाव नाही, भाव नाही म्हणून चढउतार नाही, आणि चढउतार नाही म्हणून जोखीम नाही. साखर किती आहे ते थर्मामीटरने तपासायचं आणि ताप नाही म्हणून जिलेबी मागवायची, तसलं हे निदान.

५ मार्च २०२० ला बँकेवर निर्बंध आले, खात्यातून ५०,००० पेक्षा जास्त काढायची सोय राहिली नाही. १४ मार्चला ८,४१५ कोटींचे बाँड शून्य करण्यात आले. निम्मे नाही, पाव नाही. शून्य.

गंमत पुढे आहे. त्याच बँकेचा शेअर, जो दीड वर्ष कड्यावरून कोसळत होता, ज्याचा बीटा पाहून सल्लागार नाक मुरडत होते, तो शून्य झाला नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये ४०० च्या आसपास असलेल्या त्या शेअरसाठी स्टेट बँकेने १० रुपये मोजले. भागधारकाचं कंबरडं मोडलं, पण हातात कागद राहिला. रांगेत त्याच्या पुढे उभा असलेला बाँडवाला मात्र रांगेतूनच बाहेर. उड्या मारणारा जगला, शांत बसलेला गेला.

याच मार्चची दुसरी बाजूही बघून घ्या. निफ्टी जानेवारीत १२,४३० ला होता, २४ मार्चला ७,५११ पर्यंत आला. व्होलॅटिलिटीच्या भाषेत हाहाकार. ज्याने साधा निफ्टी इंडेक्स फंड घेतला होता, कर्ज काढलं नव्हतं आणि ज्याला पैशाची घाई नव्हती, त्याचे पैसे नोव्हेंबरपर्यंत भरून आले. एकाच महिन्यात दोघांना घाम फुटला. एकाचा वाळला.

यावर प्राध्यापक मंडळी म्हणतील, बुडणं हा त्या एका कंपनीचा प्रश्न. पैसे चार ठिकाणी वाटले की तो संपतो. मुद्दा खरा आहे. विल्यम शार्प यांनी १९६४ मध्ये मांडलेल्या सिद्धान्तात बीटाचं काम एवढंच आहे: नीट वाटून ठेवलेल्या गाठोड्यात एक कागद बाजाराचा किती धक्का आणून घालतो ते सांगणं. कंपनी बुडेल का, हे बीटाने कधी सांगितलेलंच नव्हतं. सांगितलं ते विकणाऱ्यांनी. निवृत्तीची पुंजी एकाच कागदात घालणाऱ्याला व्होलॅटिलिटी दाखवणं म्हणजे त्याचं घर जळत असताना शहरात यंदा आगी कमी लागल्या असं कळवणं.

मग धोका कुठे लिहिलेला होता? दोन ठिकाणी, आणि दोन्ही उघड. पहिलं ठिकाण बँकेचा ताळेबंद. मार्च २०१६ अखेर बँकेने बुडीत कर्जं दाखवली ७४९ कोटी. रिझर्व्ह बँकेने तपासली तेव्हा निघाली ४,९२६ कोटी. साडेसहापट! हे २०१७ च्या वार्षिक अहवालात छापून आलं. पुढच्या वर्षाच्या आकड्यातही ६,३५५ कोटींची तफावत निघाली. ती बाहेर आली ऑक्टोबर २०१७ मध्ये, ज्या महिन्यात ५,४१५ कोटींचे बाँड निघाले त्याच महिन्यात. आणि शेअर? तो थोडा कुरकुरला आणि पुढचे दहा महिने मोठ्या दिमाखात राहिला. धोका वाढत होता तेव्हा आकडा गप्प होता, आणि बोलायला लागला तेव्हा ऐकून उपयोग नव्हता.

दुसरं ठिकाण खुद्द बाँडचा दस्तऐवज. मुदत नाही, म्हणजे मुद्दल परत द्यायची तारीखच नाही. व्याज चुकवायची मुभा. आणि रिझर्व्ह बँकेच्या मते बँक तगणार नाही अशी वेळ आली, तर मुद्दल कायमचं पुसायची सोय. तीन ओळींचा मजकूर, पण त्याला दशांश चिन्ह नव्हतं, मग आलेखावर कसा चढणार?

चढउतार म्हणजे निव्वळ भ्रम, असं म्हणून मोकळे होणारेही असतात. त्यांनी वायदेबाजारात उसनवारी करून पाहावी. मार्जिनवर घेतलेला शेअर ३० टक्के पडला की ब्रोकर तो विकून मोकळा होतो. नंतर भाव वर गेला तरी तो तुमचा नसतो. मुलीची फी जूनमध्ये भरायची असेल, तर मेमधली पडझड हे कायमचंच नुकसान. उसने पैसे आणि ठरलेली तारीख, या दोन वाटांनी चढउतार खऱ्या नुकसानीत शिरतो. पण या दोन्ही गोष्टी तुमच्या घरच्या. शेअरचा बीटा काढणाऱ्याला त्यांचा पत्ता नसतो.

पुढे काय झालं? सेबीने बँकेला २५ कोटींचा दंड सुनावला. ऑक्टोबर २०२० मध्ये नियम केला की असे बाँड संस्थांनाच द्यायचे आणि तेही किमान १ कोटीचे. बाँड पुसण्याचा बँकेवर नेमलेल्या प्रशासकाला अधिकारच नव्हता, असं म्हणत मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये तो निर्णय रद्द केला, पण स्वतःच्या आदेशाला थोडी स्थगितीही दिली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. बाँडवाले तारखा मोजू लागले. एवढा सगळा काळ त्यांच्या कागदाचा भाव म्हणाल, तर एका पैशानेही हललेला नाही.