तेरा अक्षरं, चौदा ठिपके

अंबरनाथ पूर्वेला आमच्या सोसायटीत सेक्रेटरी निवडायची पद्धत फार सोपी आहे. सभेला जो उशिरा येतो, तो सेक्रेटरी. यंदा कल्याणच्या पुढे लोकल रखडली आणि मी पोहोचेपर्यंत माझी बिनविरोध निवड होऊन चहाही संपला होता. मावळत्या सेक्रेटरींना सगळी बिल्डिंग काका म्हणते. त्यांनी हसतमुखाने शिक्का, लेटरहेड आणि गच्चीची किल्ली माझ्या हातात दिली. इतका आनंदी माणूस मी त्यानंतर पाहिलेला नाही.

राहिला होता हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा पासवर्ड. तो रात्री व्हॉट्सॲपवर आला:

```
Shivmandir982 हा पासवर्ड. जपून ठेवा.
```

काकांना इतिहासाचं वेड. आपलं शिवमंदिर शिलाहारांच्या काळातलं आणि तिथल्या शिलालेखात शके 982, म्हणजे इ.स. 1060 चा उल्लेख आहे, हे ते मेंटेनन्स थकवणाऱ्यालाही सांगतात. (पासवर्ड आता बदललाय. शेजारच्या बिल्डिंगने उगाच कष्ट घेऊ नयेत.)

जपून ठेवायचं म्हणजे काय, याबद्दल माझी मतं ठाम आहेत. कॉम्प्युटरवर 'महत्त्वाचे' नावाची एक वर्डची फाइल आहे, तिच्यात सगळं जातं. काकांचा मेसेजही गेला. मग मी सोसायटीचा ईमेल कॉपी करून लॉगिनच्या पानावर टाकला, पासवर्डवर डबल क्लिक केलं, कॉपी, पेस्ट, एंटर. पानावर लाल अक्षरं उमटली: पासवर्ड चुकीचा आहे.

पुन्हा कॉपी, पुन्हा पेस्ट, पुन्हा लाल. कॉपी-पेस्टमध्ये चूक होऊच शकत नाही, या श्रद्धेवर माझी अख्खी नोकरी झालेली आहे. तरीही मोठेपणा दाखवून एकेक अक्षर बघून हाताने टाइप केलं. लाल. आणि मग खातं अर्ध्या तासासाठी बंद.

काकांना फोन लावला.

"अहो, तोच आहे. माझ्याकडे आत्ता उघडलं बघा."

"काका, एस कॅपिटल का स्मॉल?"

"इंग्रजीच आहे हो सगळं."

"तसं नाही, मोठा का छोटा?"

"मोठा कशाला? तेरा तर अक्षरं आहेत."

काकांकडे ते उघडत होतं, कारण त्यांच्या ब्राउझरने चार वर्षांपूर्वीच पासवर्ड साठवून ठेवला होता. तेव्हापासून त्यांनी तो एकदाही टाइप केला नव्हता. हे मला तेव्हा सुचलं असतं तर माझे पैसे वाचले असते. पण मी निष्कर्ष काढला, की माझ्या कीबोर्डचं एसचं बटण गेलंय. दुसऱ्या दिवशी एक स्टेशन मागे उल्हासनगरला जाऊन नवा कीबोर्ड आणला. दुकानदाराने "जुन्याला काय झालं?" असं विचारलं, तेव्हा "एस चुकीचा येतो," असं उत्तर मी दिलं. त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर योग्यच होती. नव्या कीबोर्डवरही एस तोच आला आणि लाल अक्षरंही तीच.

मग मोबाइलवरून प्रयत्न केला. नीट दिसावं म्हणून पासवर्डच्या रकान्यातला डोळा उघडला आणि यावेळी मुद्दाम छोटा एस द्यायचा म्हणून टाइप करायला गेलो, तर पडद्यावर मोठा S. खोडला, पुन्हा मोठा S. कॉम्प्युटरवर परत येऊन फाइलमधलाच एस छोटा केला, डबल क्लिक, कॉपी, पेस्ट. लाल. इथे मात्र मी काकांवर संशय घेतला. सोसायटीच्या रंगकामाचा हिशेब अजून सादर व्हायचा होता.

सुटका केली बदलापूरच्या भाचीने. ती सॉफ्टवेअरमध्ये काम करते आणि रविवारी मटण खायला आमच्याकडे येते. ताटावर बसण्याआधी तिने माझ्याकडून एकदा पेस्ट करून घेतलं आणि बोट पडद्याला टेकवून रकान्यातले काळे ठिपके मोजू लागली.

"मामा, तुझा पासवर्ड किती अक्षरांचा?"

"तेरा."

"मग हे ठिपके चौदा कसे?"

तिने फाइल उघडून वर्डमधलं ¶ हे चिन्ह असलेलं बटण दाबलं. ते दाबलं की न दिसणाऱ्या गोष्टी दिसू लागतात. shivmandir982 च्या पुढे, 'हा पासवर्ड'च्या आधी, ओळीच्या मध्यावर एक बारीक टिंब तरंगत होतं. ती स्पेस. वर्डमध्ये शब्दावर डबल क्लिक केलं, की तो शब्द आणि त्यामागची स्पेस असं जोडीनेच निवडलं जातं. लेख लिहिणाऱ्याची ती सोय आहे. माझ्यासारख्याच्या मागे मात्र ती स्पेस लॉगिनपर्यंत येते आणि तिथे ठिपका बनून इतर ठिपक्यांत मिसळून जाते.

"पण ईमेलही तसाच पेस्ट केला होता की. तो चालला!"

"ईमेलच्या रकान्यात आजूबाजूच्या स्पेस ब्राउझर स्वतःच झाडून टाकतो. ईमेलच्या टोकाला स्पेस असूच शकत नाही ना. पासवर्डमध्ये ती असू शकते. कुणी मुद्दाम ठेवली असेल तर? म्हणून तिथे तो हात लावत नाही."

आणि एस? तो आधी काकांच्या मोबाइलने मोठा केला होता. मेसेजची सुरुवात म्हणजे वाक्याची सुरुवात, म्हणून कीबोर्डने शिस्तीत पहिलं अक्षर कॅपिटल केलं आणि काकांचं लक्ष गेलं नाही. पासवर्डच्या रकान्यात कीबोर्ड हा आगाऊपणा करत नाही. पण डोळा उघडला, की तो रकाना बऱ्याच साइटवर साध्या मजकुराचा होतो. साइट बनवणाऱ्याने `autocapitalize="none"` असं लिहून ठेवलं नसेल, तर कीबोर्डला वाटतं मामा निबंध लिहायला बसला. थोडक्यात, मी नीट बघायला डोळा उघडला आणि त्यानेच एस मोठा झाला. कॉम्प्युटरवर एस सुधारला तेव्हा स्पेस आडवी आली, मोबाइलवर स्पेस नव्हती तेव्हा एस आडवा आला. दोन्ही एकदम बरोबर असण्याचा योग माझ्या हातून आलाच नाही.

"अगं, पण एवढ्याशा फरकाला त्या साइटने 'शेवटची स्पेस काढा' एवढं सांगायला काय हरकत होती?"

"तिला माहीतच नसतं." भाचीने पाट्यावर वाटलेल्या चटणीकडे बोट दाखवलं. "चांगली साइट तुझा पासवर्ड ठेवत नाही, त्याची अशी चटणी करून ठेवते. तू लॉगिन करतोस तेव्हा तुझ्या शब्दाचीही चटणी करते आणि दोन चटण्या ताडून बघते. चटणीतून मिरच्या परत काढता येत नाहीत. आणि ही चटणी अशी, की एक स्पेस जास्त पडली तर चव थोडी बदलत नाही, पूर्ण वेगळाच पदार्थ होतो. साइटला कळतं ते इतकंच, की हा तो नव्हे."

त्यातही एक गंमत तिने सांगितली. कॉम्प्युटरच्या लेखी प्रत्येक अक्षराला नंबर असतो. मोठा A म्हणजे 65, छोटा a म्हणजे 97. फरक 32. प्रत्येक इंग्रजी अक्षराच्या मोठ्या-छोट्या रूपांत हाच 32 चा फरक. आणि स्पेसचा स्वतःचा नंबर किती? 32. म्हणजे पुढून आणि मागून मला एकाच आकड्याने गाठलं होतं.

हा त्रास एकट्या अंबरनाथला नाही, हे ऐकून बरं वाटलं. काही संशोधकांनी ड्रॉपबॉक्सच्या खऱ्या लॉगिनवर पाहणी करून 2016 मध्ये एक निबंध मांडला. पहिल्या अक्षराचा मोठे-छोटेपणा, कॅप्स लॉक अशा मोजक्या चुका साइटने स्वतः सांभाळून घेतल्या, तर जवळपास 3 टक्के जास्त लोकांचं लॉगिन होईल, असं त्यांना आढळलं. अमेरिकेत अशा गोष्टींचे नियम घालून देणाऱ्या NIST या संस्थेच्या 2025 च्या मार्गदर्शक सूचनांतही साइटला मुभा आहे: टोकाच्या स्पेस काढून बघा, पहिलं अक्षर मोठं-छोटं करून बघा, चालेल. मुभा आहे, सक्ती नाही. आमच्या सॉफ्टवेअरने ती घेतली नव्हती.

"मग करायचं काय?"

"ठिपके मोज. पेस्ट केल्यावर कर्सर शेवटाला नेऊन एक बॅकस्पेस मार आणि बघ. पासवर्ड पाठवायचाच असेल तर तो वाक्यात घालू नकोस. आणि खरं म्हणजे पासवर्ड मॅनेजर वापर, तो डबल क्लिक करत नाही." एवढं बोलून तिने shivmandir982 टाइप केला आणि आत जाऊन आमच्या मजल्यावर कोणाचा मेंटेनन्स थकलाय तेही वाचून दाखवलं. त्यात माझं नाव होतं.

एवढं ज्ञान मिळाल्यावर मी गप्प बसायला हवं होतं. पण नवा सेक्रेटरी म्हणून मी पासवर्ड बदलायचं ठरवलं. इतिहासाला उत्तर भूगोलाने, म्हणून नदी आणि पिनकोड निवडला आणि सवयीने 'महत्त्वाचे'मध्ये लिहिला: "waldhuni421501 नवीन पासवर्ड". मग डबल क्लिक केलं, कॉपी केला आणि नव्या पासवर्डच्या रकान्यात आणि त्याच्या खाली 'पुन्हा लिहा' म्हणतात त्या रकान्यात, दोन्हीकडे पेस्ट केला. दोन्ही जुळले. जुळणारच, दोघांच्याही शेपटीला तीच स्पेस होती. पुन्हा लिहायला लावतात ते चूक पकडण्यासाठी. तीच चूक दोनदा पेस्ट केली, तर तिला मंजुरी मिळते.

माझं लॉगिन झकास चालू झालं, कारण मी रोज पेस्टच करत होतो. खजिनदारताईंना मी पासवर्ड कागदावर लिहून दिला, डब्ल्यू मोठा का छोटा, सगळं बजावून. त्यांचं काही उघडेना. "ताई, नीट टाइप करा," असं मी त्यांना ज्या सुरात सांगितलं, तो आठवला की आजही मी जिन्यात त्यांना आधी वाट देतो. भाचीला फोन केला, तर तिने एवढंच विचारलं, "मामा, डबल क्लिक?"

चौदा अक्षरांचा माझा पासवर्ड खरं तर पंधराचा होता आणि पंधरावं अक्षर कागदावर लिहिताच येत नव्हतं. यात आपण सुदैवी ठरलो, असं भाचीचं म्हणणं. काही साइट पासवर्ड बदलताना टोकाची स्पेस गुपचूप काढतात आणि लॉगिनच्या वेळी काढत नाहीत. तिथे मग उलटं होतं, हाताने उघडतं आणि पेस्ट करून उघडत नाही.

तो पासवर्ड मी पुन्हा बदलला, यावेळी हाताने. पण तोवर खजिनदारताईंनी कमिटीच्या मीटिंगमध्ये लेखी तक्रार दिली होती: "सेक्रेटरींनी पासवर्डच्या शेवटी एक रिकामी जागा ठेवली असून तिची माहिती कमिटीला दिलेली नाही." हे वार्षिक सभेत वाचून दाखवलं गेलं. मागच्या रांगेतले दुसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ 'रिकामी जागा' हे दोनच शब्द ऐकून जागे झाले. ती त्यांच्या दुसऱ्या गाडीच्या पार्किंगला मिळावी, अशी त्यांची मागणी आहे. अनुमोदन काकांनी दिलं. विषय पुढच्या सभेवर ढकलला आहे आणि त्या सभेला मी वेळेवर पोहोचणार आहे.