डबे आले, कर कुठंय?

माल परत येणं यात काही अपमान नाही. अपमान पुढं सुरू होतो, रिटर्न भरताना.

आमचे एक अशील आहेत, अण्णा. पुण्यात भांड्यांचा ठोक व्यापार. मे २०२५ मध्ये, शाळा उघडायच्या तोंडावर, त्यांनी बार्शीच्या एका दुकानदार शेटजींना स्टीलचे दोनशे डबे पाठवले. डबा अडीचशे रुपये, माल पन्नास हजारांचा, त्यावर १२ टक्के जीएसटी म्हणजे सहा हजार. बिल छप्पन हजारांचं. जानेवारीत त्यातले ऐंशी डबे परत आले, कारण झाकणं बसत नव्हती. मुलांनी दप्तरात आमटी सांडून सहा महिने काढल्यावर शेटजींच्या लक्षात आलं.

डब्यांबरोबर शेटजींनी एक ‘डेबिट नोट’ही धाडली. व्यापारात हे रोजचं आहे, पण कायद्याला या कागदाशी कर्तव्य नाही. जीएसटी कायद्याच्या कलम ३४ नुसार माल परत आला की क्रेडिट नोट विकणाऱ्यानंच काढायची. घेणाऱ्याची डेबिट नोट ही त्याच्या वहीपुरती. अण्णांचा कर कमी होणार तो अण्णांच्याच कागदावर.

तो कागद टॅली बघणाऱ्या पोरानं काढला, आणि काढला तो ५ टक्क्यांनी! त्याचंही तसं बरोबरच. २२ सप्टेंबर २०२५ पासून भांडी बारावरून पाचवर आली, सॉफ्टवेअरमध्ये दर बदलला, डबा निवडला की पाचच उमटतो. पण क्रेडिट नोट म्हणजे आजची विक्री नव्हे. जुन्या बिलातला तेवढा तुकडा ती मागं घेते, आणि मे महिन्याच्या बिलावर दर बाराचा होता. ऐंशी डब्यांची किंमत वीस हजार, त्यावर भरलेला कर २,४००. पोरानं कमी केला एक हजार. बाकीचे चौदाशे रुपये सरकारला देणगी, तीही ८०जीच्या पावतीशिवाय.

जानेवारीची जीएसटीआर-१ फेब्रुवारीच्या अकरा तारखेला गेली. नोंदणीकृत गिऱ्हाइकाच्या क्रेडिट नोटा तिथं तक्ता ९बीमध्ये जातात आणि तिथून ३बीमधला कर आपोआप खाली येतो. अण्णांनी वीस तारखेला हजार रुपये कमी भरले आणि विषय संपला म्हणून चहा मागवला.

विषय संपला नव्हता. ऑक्टोबर २०२४ पासून पोर्टलवर इन्व्हॉइस मॅनेजमेंट सिस्टिम नावाची खिडकी आहे. अण्णांची नोट शेटजींच्या त्या खिडकीत जाऊन बसते आणि शेटजींना तिथं स्वीकार किंवा नकार दाबता येतो. काहीच केलं नाही तर स्वीकारली असं धरतात. ऑक्टोबर २०२५ पासून एका कर-कालावधीपुरती ती लटकतही ठेवता येते. शेटजींच्या सीएनं हिशेब जुळवला: क्रेडिट घेतलं होतं २,४००, नोट म्हणते हजार. त्यानं दाबला नकार.

नकाराची शिक्षा नकार देणाऱ्याला नसते. अण्णांच्या फेब्रुवारीच्या ३बीमध्ये तेच हजार रुपये पुन्हा वाढून आले, ना नोटीस, ना फोन. अण्णांनी मला विचारलं, “मी काढलेला कागद नाकारणारा तो कोण?” बरोबर प्रश्न, चुकीच्या वर्षी. १ ऑक्टोबर २०२५ पासून कलम ३४ मध्येच लिहून आलंय की घेणारा नोंदणीकृत असेल आणि त्यानं घेतलेलं क्रेडिट उलटवलं नसेल, तर विकणाऱ्याचा कर कमी होणार नाही. डबे अण्णांच्या माळ्यावर, कराची किल्ली मात्र बार्शीत.

यात सरकारचा मुद्दा खोटा नाही, हेही सांगून टाकतो. अण्णांनी २,४०० कमी भरायचे आणि शेटजींनी तेवढंच क्रेडिट खिशात ठेवायचं, तर तिजोरीला भोक पडतं. प्रश्न एवढाच की ते भोक बुजवायचं काम सरकारनं अण्णांच्या गळ्यात घातलं. आता गिऱ्हाइकाला डबे विकायचे, ते परत घ्यायचे, वर त्याच्या सीएला दर महिन्याला फोन करून “साहेब, तेवढं स्वीकारा” म्हणायचं.

आमची चूक दुरुस्त झाली. पुढच्या महिन्याच्या जीएसटीआर-१ मध्ये त्याच नोटेत दुरुस्ती करून बारा टक्के लावले, आधी बार्शीला फोन केला, मग फॉर्म भरला. नोट स्वीकारली गेली, २,४०० कमी झाले. शेटजींनी उलटवले, अण्णांना मिळाले.

पण हे जमलं कारण मुदत हातात होती, आणि मुदतीचं गणित असं आहे की भल्याभल्यांची गल्लत होते. मोजायची ती डबे परत आल्याची तारीख नव्हे, विकल्याची. ज्या आर्थिक वर्षात विक्री झाली ते संपल्यावर येणारा ३० नोव्हेंबर, किंवा वार्षिक रिटर्न भरल्याची तारीख, यातलं जे आधी येईल ते. हेच डबे ३१ मार्च २०२५ ला विकले असते तर दार ३० नोव्हेंबर २०२५ लाच बंद झालं असतं आणि जानेवारीत आलेल्या डब्यांवर एक पैसा कमी झाला नसता. १ एप्रिलला विकले असते तर आणखी वर्षभर सवड. एका रात्रीत बारा महिन्यांचा फरक! आणि नोव्हेंबरचं रिटर्न भरतात डिसेंबरमध्ये, म्हणून शहाण्यानं जुन्या वर्षाच्या नोटा ऑक्टोबरच्या रिटर्नमध्येच संपवाव्यात. वार्षिक रिटर्न लवकर भरून मोकळं व्हायची हौस असलेल्यांनी तर परतीच्या मालाचा ढीग बघूनच बटण दाबावं.

मुदत गेली तरी क्रेडिट नोट काढता येते, फक्त कर कमी होत नाही. खरं नुकसान होतं ते इथं. शेटजी फोनवर म्हणतात, “डबा दोनशे ऐंशीला घेतलाय, दोनशे ऐंशीच परत द्या.” अण्णा भिडेखातर बावीस हजार चारशे देऊन बसतात. शेटजींच्या खात्यात २,४०० चं क्रेडिटही तसंच राहतं आणि अण्णांचे २,४०० गेले ते गेले. अशा वेळी नोट करविरहित, वीस हजारांचीच काढायची. मुदत संपलेल्या औषधांसाठी सरकारच्या २०१८ च्या परिपत्रकानं आणखी एक वाट दाखवलीय: परत पाठवणाऱ्यानं स्वतःचं कर-बिल फाडायचं, म्हणजे परतीचा माल हीच नवी विक्री. वाट चांगली आहे, पण एकानं बिल फाडायचं आणि दुसऱ्यानं क्रेडिट नोटही काढायची, असं दोन्ही करू नका. असे महाभाग मी पाहिलेत.

तेव्हा आज दुकान बंद करण्याआधी एक करा. २२ सप्टेंबर २०२५ च्या आधीच्या बिलांवरच्या जेवढ्या क्रेडिट नोटा नंतर निघाल्या तेवढ्या उघडा आणि प्रत्येकीचा दर मूळ बिलाशी ताडून बघा. २०२५-२६ च्या विक्रीसाठी ३० नोव्हेंबर २०२६ ही तारीख आहे.